डिकॉक्शन पडतंय का?

मी मूळचा सांगलीचा. आमच्याकडे कॉफी म्हणजे दूध उकळायचं, त्यात साखर, बाटलीतली इन्स्टंट पावडर एक चमचा आणि वरून जायफळ किसायचं, झाली कॉफी. तीही रोज नाही, लग्नकार्यात रात्रीची जेवणं उरकल्यावर किंवा कुणाला रात्रभर जागायचं असलं की. रोजचा चहाच. नोकरीसाठी बंगळूरला आलो, मल्लेश्वरममध्ये खोली घेतली आणि पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या छोट्या हॉटेलात, ती छोट्या स्टीलच्या पेल्यातली फिल्टर कॉफी प्यायलो आणि मग काय, चहा सुटलाच. दिवसाला तीन तीन व्हायला लागल्या तेव्हा म्हटलं घरीच करूया, त्यात काय एवढं.

त्यात काय एवढं, हे कळायला मला जवळजवळ दोन महिने लागले. ते दोन महिने कसे गेले ते लिहितोय, कारण रेसिपी सगळीकडे मिळते, "तीन चमचे पावडर घाला, गरम पाणी ओता, वाट बघा", पण किती वाट बघायची आणि वाट बघूनही काही खाली पडलंच नाही तर काय करायचं हे कुणी सांगत नाही.

आधी फिल्टर काय असतो ते सांगतो, ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी. एकावर एक बसणारी दोन भांडी, पितळेची किंवा स्टीलची. वरच्याच्या तळाला बारीक बारीक भोकं, त्यात कॉफीची पूड घालायची. पुडीवर ठेवायला एक दांडीवाली चकती असते, तिलाही भोकं, दिसायला अगदी छोट्या छत्रीसारखी, म्हणून मी तिला छत्रीच म्हणतो. मग झाकण. पाणी वरून ओतायचं, ते पुडीतून झिरपत थेंब थेंब खालच्या भांड्यात पडतं, ते डिकॉक्शन. ना वीज ना कागद ना प्रेशर, सगळं काम आपलं आपण होतं. म्हणूनच चुकलं की कुठं चुकलं ते कळत नाही.

माझा पहिला फिल्टर मी ऑनलाइन मागवला होता, स्वस्तात मिळाला म्हणून. पहिल्या दिवशी पूड घातली, पाणी ओतलं, झाकण लावलं आणि आंघोळीला गेलो, येऊन बघतो तर सगळं पाणी खाली! पाच मिनिटं पण झाली नसतील. खूश झालो, म्हटलं बघा किती फास्ट. दूध घातलं तर रंग असा आला जसा काही कपात कोणी चहाचा चमचा बुडवून काढलाय. दुसऱ्या दिवशी पूड दुप्पट घातली, तरी तेच, फक्त तळाला गाळ जास्त. तिसऱ्या दिवशी मी हुशारी केली, खाली पडलेलं ते पाणचट डिकॉक्शन गॅसवर ठेवून आटवलं. ते घट्ट झालं खरं पण चव अशी कडू जळकी की अर्धी कॉफी सिंकमध्ये गेली.

वरच्या मजल्यावर घरमालकीण अज्जी राहतात. कन्नडमध्ये पण आजीला अज्जीच म्हणतात, त्यामुळे मला हाक मारायला काही जड गेलं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातून पहाटे साडेपाचला जो वास यायचा तो माझ्या खोलीतून कधी येत नव्हता. एक दिवस भाडं द्यायला गेलो तर त्यांनी कॉफी दिली, मी धीर करून विचारलं की अज्जी माझी अशी का होत नाही. त्या म्हणाल्या फिल्टर घेऊन ये. घेऊन गेलो. त्यांनी वरचं भांडं खिडकीच्या उजेडात धरलं, भोकांकडे बघितलं आणि हसायलाच लागल्या. "अय्यो, हे काय, रवा चाळायचा आहे का?"

भोकं मोठी होती. इतकी की नुसत्या डोळ्यांना पलीकडचा उजेड नीट दिसत होता. चांगल्या फिल्टरची भोकं टाचणीच्या टोकाएवढी असतात, उजेडात धरलं तर नुसते ठिपके दिसतात. माझ्या फिल्टरमध्ये पाणी पुडीत थांबतच नव्हतं, सरळ खाली. आणि पुडीला आपला अर्क सोडायला वेळच मिळाला नाही तर दुप्पट पूड घाला नाहीतर चौपट, पाणी नुसतं रंगणार. त्या दिवशी संध्याकाळी मी भांड्यांच्या दुकानात जाऊन नीट उजेडात धरून बघून दोन माणसांसाठीचा स्टीलचा फिल्टर घेतला. दुकानदाराला वाटलं असेल हा काय तारे बघतोय.

मग अज्जींनी दुसऱ्या दिवशी सकाळी समोर उभं करून दाखवलं. त्या काही मोजत नाहीत, हाताचा अंदाज. मी मात्र नंतर घरी वजनकाट्यावर तेच सगळं मोजून घेतलं, कारण माझ्या हाताला तो अंदाज नाही. तर माझ्या फिल्टरचं माप असं: पूड ३० ग्रॅम, म्हणजे मोठ्या चमच्याचे भरगच्च तीन चमचे. पाणी १५० मिली. आणि खाली पडतं ते साधारण ९० मिली. पहिल्यांदा मला वाटलं बाकीचं ६० मिली गेलं कुठं, फिल्टर गळतोय की काय. गळत नव्हता, ते पुडीनं पिऊन टाकलं होतं. कोरडी पूड स्वतःच्या वजनाच्या दुपटीएवढं पाणी धरून ठेवते, ते काही खाली येत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की स्ट्राँग म्हणजे काय तेही कळतं. पूड किती घातली यावर ते ठरत नाही, तेवढ्या पुडीवर पाणी किती कमी ओतलं आणि ते किती सावकाश गेलं यावर ठरतं. अज्जी पहिल्या डिकॉक्शनला गट्टी डिकॉक्शन म्हणतात. गट्टी म्हणजे आपलं घट्ट, आणि कॉफी पुडी म्हणजे आपली पूडच, निम्मं कन्नड तर मी स्वयंपाकघरातच शिकलो. गट्टी झालं की नाही ते बघायची त्यांची रीत म्हणजे खालचं भांडं जरा तिरकं करायचं आणि सरळ करायचं, कडेला तांबूस काळा पातळ थर चिकटून राहिला आणि हळूहळू खाली ओघळला तर झालं. पाण्यासारखं चटकन खाली गेलं तर नाही झालं. मी अजूनही रोज हे करतो, मापं घेऊन सुद्धा.

त्याच पुडीवर परत पाणी ओतून दुसरं डिकॉक्शन निघतं. यात गंमत अशी की १०० मिली ओतलं तर जवळजवळ सगळंच्या सगळं १०० मिली खाली येतं, कारण पूड आधीच भिजलेली आहे, तिला अजून पाणी प्यायचं नाही. त्यामुळे ते जास्त पडतं आणि फिकं असतं. पाहुणे जास्त आले की अज्जी पहिल्यात थोडं दुसरं मिसळतात, पण घरच्या सकाळच्या कॉफीत कधीच नाही. मी सुरुवातीला काय करायचो, फिल्टर मोठा दिसतोय म्हणून एकदमच २५० मिली पाणी भरायचो, म्हणजे नकळत पहिलं आणि दुसरं एकत्रच करत होतो. आणि मग म्हणायचो कॉफी स्ट्राँग का होत नाही.

आता वेळ. खरी मजा इथंच आहे. माझ्या फिल्टरमध्ये, ८०:२० ची पूड, म्हणजे शंभरात ऐंशी कॉफी आणि वीस चिकोरी, चिकोरीबद्दल पुढे सांगतोच, आणि वर दिलेलं माप, तर पहिला थेंब पडायला एक दीड मिनिट लागतं, मग थेंबांची रांग लागते, दहा एक मिनिटांत निम्मं पडलेलं असतं आणि शेवटचे थेंब रेंगाळत रेंगाळत पंचवीस तीस मिनिटं घेतात. हे माझ्यासाठी बरोबर. सात आठ मिनिटांतच सगळं खाली आलं तर समजायचं काहीतरी ढिलं राहिलं, एकतर पूड जाड दळलीय किंवा छत्री नीट दाबली नाही आणि पाण्यानं पुडीतून एखादी चोरवाट काढली. पाऊण तास होऊन गेला तरी निम्मं वरच आहे तर तुंबलं. बरेच लोक रात्री झोपताना पाणी ओतून ठेवतात आणि सकाळी वापरतात, तेही चालतं, पण त्याचा अर्थ त्याला आठ तास लागतात असा नाही, ते अर्ध्या तासात पडून झालेलंच असतं, नंतर नुसतं बसून राहतं.

तुंबण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. नवीन फिल्टर आणल्यावर मला वाटलं आता पाणी पळून जाऊ द्यायचं नाही, म्हणून मी छत्री अशी दाबली जशी आपण उकडीच्या मोदकाच्या साच्यात सारण दाबतो. पाणी ओतलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, खाली तीन थेंब. ऑफिसची बस चुकली. संध्याकाळी घरी आलो तेव्हा वर गार पाणी आणि खाली अर्धा कप काळं कडवट काहीतरी. अज्जींना सांगितलं तर म्हणाल्या "ओत्तबेड", म्हणजे दाबू नको. पूड घालून भांडं ओट्यावर दोनदा हलकं आपटायचं म्हणजे ती सपाट बसते, मग छत्री वर ठेवून बोटानं नुसता टेका द्यायचा, एवढंच. पूड पाणी पिऊन फुगते, तिला फुगायला जागा पाहिजे, आधीच ठासून भरली तर फुगल्यावर ती बुच मारल्यासारखी बसते.

दुसरं एक तुंबणं आहे ते मला फार दिवस कळलंच नव्हतं. पूड बरोबर, दाब बरोबर, तरी थेंब पडता पडता एकदम थांबायचे. अज्जींनी येऊन वरचं भांडं नुसतं चिमटीत धरून केसभर उचललं आणि परत ठेवलं, तर फुस्स झालं आणि धार लागली. झालं असं होतं की दोन्ही भांडी इतकी घट्ट बसली होती की खालच्या भांड्यातली हवा कोंडली. गरम थेंब पडतात तशी ती हवा तापते, फुगते, बाहेर जायला जागा नाही, मग ती खालूनच पाण्याला अडवते. तेव्हापासून मी वरचं भांडं दाबून बसवतच नाही, नुसतं ठेवतो. आणि थांबलंच तर आधी हेच करून बघतो, पूड ढवळायला जात नाही. पूड ढवळली की बारीक कण भोकांत जाऊन बसतात आणि मग खरंच तुंबतं.

भोकांत अडकलेले कण काढायचे असतील तर नुसतं घासून जात नाहीत. महिन्यातून एकदा वरचं भांडं रिकामं करून, कोरडं करून, चिमट्यानं धरून तळ गॅसच्या ज्योतीवर थोडा वेळ फिरवायचा, आतला गाळ जळून भुकटी होते, मग गार झाल्यावर धुवायचं. उजेडात धरलं की सगळे ठिपके परत दिसतात. अर्थात स्टील किंवा पितळेचाच फिल्टर असेल तर, दांडीला प्लॅस्टिकचा गोळा असेल तर छत्री ज्योतीजवळ नेऊ नका, माझा एक गोळा वितळलाय.

आता चिकोरी. यावर लोकं भांडतात. शुद्ध कॉफीवाले म्हणतात चिकोरी म्हणजे भेसळ. मी पण आधी तसंच समजायचो, पूड घ्यायला गेलो तेव्हा ऐटीत सांगितलं की शुद्ध द्या, चिकोरी नको. दुकानात तिथल्या तिथं बिया भाजून दळून देतात, त्या माणसानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की दूध घालून पिणार ना? म्हटलं हो. तो म्हणाला मग ८०:२० न्या. मी हट्टानं शुद्धच नेली.

चिकोरी हे एक मूळ असतं, मुळ्यासारखं, कापून वाळवून भाजतात. आपल्याकडे गुजरातेत जामनगरकडे त्याचं पीक घेतात. त्यात कॅफिन अजिबात नसतं. पण भाजल्यावर त्यातला पाण्यात विरघळणारा भाग कॉफीपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून डिकॉक्शनला रंग येतो, घट्टपणा येतो आणि करपलेल्या गुळासारखी एक कडवट गोडसर चव येते. आणि ती लपवाछपवीची गोष्ट पण नाही, कॉफी-चिकोरी मिश्रण विकायला कायद्यानं परवानगी आहे, फक्त त्यात कॉफी ५१ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये आणि किती टक्के काय आहे ते पाकिटावर छापावं लागतं. ८०:२० म्हणजे शंभरात वीस चिकोरी, ६०:४० म्हणजे चाळीस.

एका रविवारी मी बसून प्रयोगच केला. एकाच दुकानातून एकाच भाजणीची तीन पाकिटं आणली, शुद्ध, ८०:२० आणि ६०:४०. तिन्हींना तेच ३० ग्रॅम, तेच १५० मिली, तोच फिल्टर, मधे धुवून वाळवून. शुद्धचं डिकॉक्शन बारा तेरा मिनिटांत पडलं, रंग लालसर तपकिरी, वास मात्र असा की शेजारचा विचारायला आला. ८०:२० ला पंचवीस मिनिटं लागली. ६०:४० ला पाऊण तासाच्या वर, ते पण मधे एकदा भांडं उचलून हवा सोडावी लागली, आणि खाली पडलं ते काकवीसारखं काळं. चिकोरी ओली झाली की चिकट होते आणि फुगते, त्यामुळे जितकी चिकोरी जास्त तितकं सावकाश पडतं आणि तितकाच छत्रीचा दाब कमी ठेवावा लागतो. ६०:४० ला तर मी आता छत्री नुसती ठेवतो, बोट लावतच नाही.

मग तिन्हींत सारखंच दूध घातलं. शुद्धची कॉफी वासाला सगळ्यात छान पण दुधात पडल्यावर पातळ लागली, घोट गिळला की तोंडात काही राहिलंच नाही. ६०:४० जिभेवर बसली, रंग जबरदस्त, पण कॉफीपेक्षा चिकोरीच जास्त बोलत होती, शेवटी तो करपल्या गुळाचा कडवटपणा राहतो. ८०:२० मध्ये वासही होता आणि अंगही होतं. दुकानदार बरोबर होता, परत जाऊन त्याला सांगितलं नाही पण तेव्हापासून तीच आणतो. दूध न घालता काळी प्यायची असेल तर मात्र शुद्धच घ्या, तिथं चिकोरीला काही काम नाही.

यात फसायला होतं ते रंगामुळे. काळी दिसली म्हणजे स्ट्राँग असं आपल्याला वाटतं. ६०:४० च्या ३० ग्रॅममध्ये कॉफी किती, फक्त १८ ग्रॅम. म्हणजे दिसायला सगळ्यात स्ट्राँग आणि तरतरी सगळ्यात कमी. हॉटेलात कधी कॉफी काळीभोर असूनही झोप उडत नाही ना, तिथं शंका घ्यायला हरकत नाही. घरी बघायचं असेल तर काचेच्या पेल्यात गार पाणी घ्या, वर चिमूटभर पूड अलगद सोडा आणि न ढवळता बघत बसा. कॉफीचे कण बराच वेळ वर तरंगत राहतात, चिकोरीचे लगेच बुडायला लागतात आणि बुडताना मागे तांबड्या रंगाच्या शेपट्या सोडत जातात. मी हे माझ्या भाचीला दाखवलं होतं, तिनं अर्धं पाकीट संपवलं.

आता दूध. इथं आपल्या लोकांची हमखास चूक होते कारण आपण चहावाले. चहात कसं सगळं एकत्र उकळतो, तसं मी पण पहिल्यांदा डिकॉक्शन दुधात घालून एक उकळी काढली. अज्जींनी बघितलं असतं तर भाडेकरार मोडला असता. डिकॉक्शन आचेवर ठेवायचंच नाही, वास उडून जातो आणि कडूपणा वर येतो. गरम करायचं काम दुधाचं. दूध वेगळं तापवायचं, वर यायला लागलं की गॅस बंद आणि लगेच ओतायचं. फार वेळ उकळत ठेवलं तर दुधालाच बासुंदीसारखा वास येतो, मग कॉफीची चव त्याच्याखाली दबते. आणि दुधात पाणी नाही, एक थेंब नाही. मी नंदिनीचं केशरी पाकीट आणतो, ते जरा जास्त फॅटवालं असतं, साधं टोन्ड वापरलं तर डिकॉक्शन कितीही गट्टी असलं तरी कॉफी बारीकच लागते.

प्रमाण, एका पेल्याला डिकॉक्शन ३० मिली आणि दूध १०० मिली, म्हणजे एकास तीन साडेतीन. ९० मिली डिकॉक्शनमध्ये बरोबर तीन पेले होतात. पेल्यात आधी साखर, मग डिकॉक्शन, मग दूध उंचावरून. चमच्यानं ढवळायचं नाही. पेल्यातून दवऱ्यात, म्हणजे ती जी पसरट वाटी असते तिच्यात, आणि दवऱ्यातून परत पेल्यात, दोन तीनदा, हात जरा लांब करत. साखर विरघळते, फेस येतो आणि जीभ भाजणार नाही इतपत निवतेही. पण पाच सहा वेळा केलंत तर गारच होणार. पहिल्या दिवशी माझी निम्मी कॉफी ओट्यावर आणि थोडी पायावर गेली. पाण्यानं सराव करा आधी.

उरलेलं डिकॉक्शन ठेवायचं कसं यावर पण धडा मिळालाय. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी काढलेलं ओट्यावरच राहिलं, रविवारी दुपारी मित्र आले म्हणून तेच वापरलं. गरम दूध ओतलं आणि डोळ्यांदेखत फाटलं, बारीक बारीक कण वर. आधी दुधाला शिव्या दिल्या, पातेल्यातलं उरलेलं दूध तर ठणठणीत होतं. मग डिकॉक्शन नुसतं चाखलं तर आंबट. आता उरलं तर झाकणाच्या छोट्या बरणीत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवसापलीकडे नाही. फ्रिजमधलं थेट वापरलं तर कॉफी कोमट होते, म्हणून बरणी दहा मिनिटं गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवतो. तरी ताज्याची सर नाही हे कबूल.

गेल्या दिवाळीनंतर आई आली होती पंधरा दिवस. आईचं माहेर अथणीचं, त्यामुळे तिला कन्नड येतं, पण उत्तरेकडचं खणखणीत कन्नड, ते ऐकून अज्जी पदराआड हसायच्या आणि आई म्हणायची यांचंच कन्नड लाडिक आहे. पहिल्या दिवशी मी आईला अगदी पद्धतशीर कॉफी करून दिली. तिनं एक घोट घेतला, म्हणाली चांगली आहे, जायफळ कुठाय? मी म्हटलं आई यात जायफळ घालत नाहीत. "का, कोणी बंदी घातलीय?" आणि तिनं सोबत आणलेलं जायफळ काढून किसलंच. मी अज्जींना हे सांगितलं तर त्या दोन मिनिटं गप्प झाल्या, मग म्हणाल्या मला पण दे बघू एक. प्यायल्या पूर्ण. म्हणाल्या छान आहे, पण हे कॉफी नाही, हे औषध आहे. आईनं ते कौतुक म्हणूनच घेतलं.

जाताना आई माझाच जुना फिल्टर मागत होती, मोठ्या भोकांचा, म्हणाली फुकट पडलाय तर देऊन टाक. मी नवीन घेऊन दिला, बरोबर पाव किलो ८०:२०. चौथ्या दिवशी सकाळी सातला फोन, व्हिडिओ कॉल, समोर ओटा आणि फिल्टर. "अरे पडतच नाहीये."

"दाबलंस का जोरात?"

"नाही रे, तू सांगितलंस तस्सं, नुसतं बोट टेकवलं."

"पाणी किती?"

"तुझ्याच मापाच्या कपानं. वीस मिनिटं झाली, खाली एवढुसंच आहे बघ." तिनं फोन इतका जवळ नेला की स्क्रीनवर नुसतं स्टील दिसायला लागलं.

"वरचं भांडं जरा उचल. पूर्ण काढू नको, नुसतं हलव."

फोन ओट्यावर आडवा ठेवला, मला सांगलीच्या घरचं छत आणि पंखा दिसत होता. भांडी खडखडल्याचा आवाज आला, मग फुस्स. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग आई बाबांना सांगत होती, "अहो, दूध ठेवा, पडायला लागलं."